विम्याचे संरक्षण घटले, आता काकांना काय सांगायचे?

*अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा कोरुगेटेड खोक्यांचा कारखाना आहे. मसाले आणि लोणची तयार करणाऱ्या एका कंपनीला आम्ही अकरा वर्षे खोकी देतो. दरमहा साधारण 18 लाखांचा माल 60 दिवसांच्या उधारीवर जातो, म्हणजे 36 लाखांच्या आसपास येणे कायम असते. ग्राहकाने उधारी बुडवली तर भरपाई देणाऱ्या आमच्या क्रेडिट इन्शुरन्समध्ये त्यांच्यासाठी 40 लाखांची मर्यादा आणि 85 टक्के संरक्षण होते. गेल्या सोमवारी ब्रोकरचा मेल आला की ही मर्यादा आता 20 लाख झाली आहे. कारण दिलेले नाही. त्यांनी आजवर आमचे एकही बिल बुडवलेले नाही. कंपनीचे मालक माझ्या वडिलांचे मित्र, मी त्यांना काकाच म्हणते. उधारी कमी करायची तर त्यांना काय सांगू? ‘विमा कंपनीने केले, आमचा नाइलाज आहे’ असे लिहून मोकळे व्हावे का?*
*– एक वाचक, नाशिक*

असे लिहू नका. त्यामागची दोन कारणे आधी सांगतो, कारण त्यातले एक भावनेचे नसून करारातले आहे.

तुमच्या पॉलिसीच्या अटी काढून त्यात गोपनीयतेचे कलम आहे का ते पाहा. या प्रकारच्या बहुतेक पॉलिसींत ते असते, आणि ग्राहकासाठी मंजूर झालेली मर्यादाच नव्हे, तर अशी पॉलिसी आहे ही गोष्टही विमा कंपनीच्या संमतीशिवाय ग्राहकाला सांगू नये, असे त्यात म्हटलेले असते. ज्या पत्राने तुम्ही सुटका करून घेऊ पाहता, तेच पत्र उद्या दाव्याच्या वेळी तुमच्या विरुद्ध फाइलमध्ये निघू शकते.

दुसरे कारण मी स्वतः पाहिलेले आहे. एका पॅकेजिंग कंपनीत उधारी आणि वसुलीचे काम मी बरीच वर्षे केले. तेथे आमच्या एका सहकाऱ्याने एका ग्राहकाला ‘विमा कंपनीने आपली पत कमी केल्यामुळे’ अशा शब्दांनी सुरू होणारे पत्र पाठवले. चार दिवसांत त्या पत्राचा फोटो त्याच ग्राहकाच्या इतर तीन पुरवठादारांच्या मोबाइलवर पोहोचला होता आणि आठवडाभरात त्यातल्या दोघांनी रोखीने माल मागितला. त्या ग्राहकाचा व्यवसाय तोवर ठीक चालला होता. अडचण सुरू झाली ती पत्रानंतर. हे मोठ्या प्रमाणावरही घडते. 2008 च्या मंदीत ब्रिटनमध्ये विमा कंपन्यांनी मर्यादा झपाट्याने खाली आणल्या, पुरवठादारांनी उधारी आवळली आणि 2009 मध्ये तेथील सरकारला कमी झालेल्या संरक्षणावर वाढीव संरक्षण देणारी योजना आणावी लागली.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. विमा कंपनीने कमी केले आहे ते *तुमचे संरक्षण*. काकांची उधारी तिने कमी केलेली नाही, तो अधिकारच तिला नाही. काकांना किती उधारी द्यायची हे कालही तुम्ही ठरवत होता आणि आजही तुम्हीच ठरवणार आहात. फरक इतकाच की काल त्या उधारीतला मोठा वाटा दुसऱ्याच्या खांद्यावर होता, तो आता तुमच्या खांद्यावर येतो आहे. हे एकदा नीट उमगले की काकांशी काय बोलायचे याचा निम्मा प्रश्न सुटतो, कारण मग बोलायचे असते ते तुमच्या खांद्यांविषयी.

म्हणून पत्राआधी आकडे मांडा. 36 लाखांच्या येण्यावर 85 टक्के संरक्षण असताना तुमची स्वतःची जोखीम 5 लाख 40 हजार होती. तेच येणे ठेवून संरक्षण 20 लाखांवर आले, तर विम्यातून जास्तीत जास्त 17 लाख मिळतील आणि 19 लाख तुमच्यावर राहतील. तुम्ही नफ्याचे प्रमाण लिहिलेले नाही. ते शंभराला सहा रुपये धरले, तर 19 लाख म्हणजे या एका ग्राहकाकडून साडेसतरा महिन्यांत मिळणारा नफा. दुसरे टोक म्हणजे उधारी सरळ 20 लाखांवर आणणे. त्यात तुमची जोखीम केवळ 3 लाख उरेल, पण काकांना 16 लाख रुपये जवळजवळ एका महिन्यात उभे करावे लागतील. अकरा वर्षे वेळेवर पैसे देणाऱ्या माणसाला असे अचानक गाठले, तर त्याचे पहिले बिल थकते ते आपल्याचकडे. विम्याच्या भाषेत ती थकबाकी होते, ती ठरावीक मुदतीपलीकडे गेली की विमा कंपनीला कळवावी लागते, आणि उरलेली 20 लाखांची मर्यादाही धोक्यात येते.

या दोन टोकांच्या मध्ये कोठे थांबायचे हे ठरवताना विचारायचा प्रश्न एकच: हा ग्राहक पूर्ण बुडाला, तर किती रक्कम गेल्यावरही माझा कारखाना, माझे पगार आणि माझा बँकेचा हप्ता चालू राहील? उदाहरणासाठी समजा तुम्ही 28 लाखांवर थांबलात. तेव्हा विम्याचे 17 लाख वजा जाता 11 लाख तुमच्यावर राहतात, म्हणजे वरच्याच हिशेबाने सुमारे दहा महिन्यांचा नफा. हे तुम्हाला पेलते असे धरून पुढे जातो. पेलत नसेल तर आकडा खाली घ्या, पद्धत तीच राहील.

आता एक गोष्ट सांगतो, जी कागदावर मांडल्याशिवाय दिसत नाही आणि अनुभवी लेखापालांच्याही नजरेतून सुटते. मर्यादा कमी झाल्याच्या तारखेपूर्वी पाठवलेला माल बहुतेक पॉलिसींत जुन्याच मर्यादेखाली सुरक्षित राहतो. नवी मर्यादा लागते ती त्या तारखेनंतरच्या मालाला. त्यामुळे आज, म्हणजे मेल आला त्या आठवड्यात, तुमचे 36 लाख जवळपास पूर्वीइतकेच सुरक्षित आहेत. पण काका वेळेवर पैसे देतात ते जुन्या बिलांचे, सुरक्षित असलेल्या बिलांचे. त्या जागी जाणारा नवा माल, जुनी बिले 20 लाखांच्या वर असेपर्यंत, बिनविम्याचा असतो. परिणामी एकूण येणे कमी होत असतानाही तुमची स्वतःची जोखीम आधी *वाढते*.

तुमचेच आकडे घेऊ. आठवड्याला साडेचार लाखांचा माल जातो आणि तितकेच पैसे येतात असे धरा. 36 वरून 28 वर येण्यासाठी काकांनी आठ आठवडे दर आठवड्याला नेहमीपेक्षा एक लाख जास्त दिले, तर तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी येणे 33 लाख दिसेल. खातेवहीत सुधारणा दिसेल आणि तुम्ही निःश्वास टाकाल. पण त्या वेळी जुन्या बिलांचे साडेएकोणीस लाखच उरलेले असतील, नवी बिले साडेतेरा लाखांची असतील, आणि त्यांतली अर्ध्या लाखाएवढी रक्कम सोडता बाकी 13 लाखांना विमा नसेल. संरक्षित 20 लाखांवरचे तुमचे 15 टक्के, म्हणजे 3 लाख, त्यात मिळवा: जोखीम 16 लाख. हा त्या दोन महिन्यांतला सर्वांत उंच आकडा असतो. त्याऐवजी काकांनी पहिले चार आठवडे दोन लाख जास्त दिले, तर हाच उंच आकडा 13 लाखांच्या आसपास राहतो आणि चौथ्या आठवड्याअखेरीस तुम्ही 28 वर पोहोचता. म्हणून मागणी करताना वाढीव रक्कम पहिल्या महिन्यात मागा. लांबवलेला कार्यक्रम वरवर मऊ वाटतो, पण त्याचा भार तुमच्यावर सर्वाधिक असतो. ते जमणारच नसेल तर आठ आठवड्यांचा कार्यक्रम घ्या, मात्र 16 लाखांचा आकडा समोर ठेवून घ्या.

हा हिशेब पॉलिसीच्या दोन अटींवर उभा आहे, आणि त्या ब्रोकरकडून लेखी तपासून घ्या. पहिली, नवी मर्यादा कोणत्या तारखेपासून आणि कशावर लागते: माल निघाल्याच्या तारखेवर, की बिलाच्या? दुसरी, येणारे पैसे कोणत्या बिलापोटी धरले जातात? अनेक पॉलिसींत, ग्राहकाने काहीही लिहिले तरी, पैसे सर्वांत जुन्या बिलाकडे वळवलेले मानले जातात. तुमच्या लेजरमध्ये पैसे वेगळ्या बिलाला जोडलेले असतील, तर दाव्याच्या वेळी तुमचा आकडा आणि त्यांचा आकडा जुळणार नाही. जाता जाता हेही विचारा की बिलातील जीएसटीचा भाग संरक्षणात धरतात का. काही ठिकाणी धरत नाहीत, आणि तसे असेल तर वरचे सगळे आकडे थोडे बिघडतात.

त्याच ब्रोकरला आणखी एक प्रश्न विचारा, आणि तो काकांना भेटण्यापूर्वी विचारा: मर्यादा कमी होण्याचे कारण कोणत्या *प्रकारचे* आहे? तपशील ते देणार नाहीत, कारण तो इतर पुरवठादारांनी दिलेल्या माहितीवर आधारलेला असू शकतो. पण प्रकार बहुधा सांगतात. काकांची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि तिचा ताळेबंद कंपनी निबंधकाकडे वेळेत गेला नसेल, तर विमा कंपनीचा विश्लेषक दोन वर्षे जुने आकडे पाहून निर्णय घेतो, आणि शंका आली की मर्यादा खाली आणतो. कधी त्या ग्राहकावर विमा कंपनीचीच एकूण जोखीम जास्त झालेली असते, कारण दहा पुरवठादारांनी त्याच्यावर मर्यादा घेतलेली असते. कधी संपूर्ण क्षेत्राकडेच सावधपणे पाहिले जाते. आणि कधी कोणीतरी खरोखर थकबाकी कळवलेली असते. पहिल्या तीन कारणांत काकांच्या पैसे देण्याच्या सवयीचा काहीच संबंध नसतो. चौथ्यात असू शकतो. पण ऐकीव माहितीवरून त्यांना तोंडावर विचारण्याचा अधिकार तुम्हाला नाही, आणि तशी वेळ तुम्ही स्वतःवर आणूही नये.

कारण जुन्या ताळेबंदाचे निघाले, तर फेरविचाराची विनंती करता येते. त्यासाठी तुमच्या लेजरमधून गेल्या दोन वर्षांचा तक्ता द्या, ज्यात प्रत्येक बिल किती दिवसांनी चुकते झाले ते असेल. विमा कंपनीकडे सर्वांत कमी असते ती हीच माहिती. काकांचे ताजे आकडे लागत असतील, तर तुम्ही त्यांच्याकडून घेऊ शकता. उधारी देणाऱ्याने दरवर्षी ताळेबंद मागणे यात कोणाला कमीपणा नाही, आणि त्यासाठी विम्याचा उल्लेख करावा लागत नाही. मात्र ती कागदपत्रे पुढे दुसऱ्या कोणाला दाखवणार असाल, तर त्यांची संमती घ्या. अशा एका प्रकरणात आमची निम्मी कपात सात आठवड्यांत परत मिळाली होती. सगळी मिळाली नाही.

आता काकांशी बोलणे. आधी भेट, मग पत्र, आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील मर्यादा सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा झाल्याचे मी इतक्या वेळा पाहिले आहे की तो मुद्दाम लिहितो. लेखा विभागातल्या कोणीतरी मेल वाचून टॅलीत 20 लाख टाकलेले असतात. शनिवारी दुपारी चार वाजता खोक्यांनी भरलेला टेम्पो गेटवर उभा असतो. बिल निघत नाही. ड्रायव्हर काकांच्या स्टोअरकीपरला फोन करतो, आणि काकांना ही बातमी स्टोअरकीपरकडून कळते. अकरा वर्षांच्या ओळखीत दोष देण्याचा याहून सोपा मार्ग नाही, आणि त्यात कोणी एक शब्दही उच्चारलेला नसतो.

भेटीला तुम्ही स्वतः जा, विक्री प्रतिनिधीला पाठवू नका. बोलण्यात एक बारीक काळजी घ्या. मराठीत ‘तुमची मर्यादा’, ‘तुमची पत’, ‘तुमची उधारी’ असे सहज तोंडात येते आणि वाक्याचा सगळा भार समोरच्यावर जातो. कर्ता ‘आम्ही’ ठेवा. ‘काका, एका ग्राहकाकडे आमचे किती पैसे एका वेळी बाहेर असावेत याचा आम्ही आढावा घेतला. तुमच्याकडे छत्तीस लाख असतात, तेवढे यापुढे आम्हाला पेलणार नाहीत. आम्हाला अठ्ठावीसवर यायचे आहे, आणि तेथपर्यंत कसे यायचे हे तुमच्याशी बोलून ठरवावे म्हणून आले आहे.’ यात एकही खोटा शब्द नाही. ‘सगळ्याच ग्राहकांचे कमी केले’ असे म्हणू नका, केले नसेल तर. काका उद्या बाजारात दुसऱ्या ग्राहकाला विचारतीलच. ‘तात्पुरते आहे’ असेही म्हणू नका. त्याऐवजी पुन्हा आढावा घेण्याची तारीख सांगा.

काका व्यवहारी आहेत, ते सरळ विचारतील: ‘विमा कंपनीने काही केले का?’ तेव्हा नाही म्हणू नका आणि हो म्हणू नका. ‘काका, आमची जोखीम आम्ही कशी सांभाळतो हे मी बाहेर कोणाशी बोलत नाही, आणि तुमच्याविषयी कोणी विचारले तरी बोलणार नाही. आकडा मी ठरवला आहे.’ शेवटचे वाक्य महत्त्वाचे, कारण ते खरे आहे.

पत्र भेटीनंतर दुसऱ्या दिवशी जावे. त्याचा गाभा असा असू शकतो:

*‘स. न. वि. वि. काल झालेल्या चर्चेनुसार आपल्या खात्यावरील एका वेळच्या येण्याची कमाल रक्कम आम्ही 28 लाख रुपये ठरवत आहोत. आमच्या एकूण उधारीच्या आढाव्यानंतर घेतलेला हा आमचा निर्णय आहे. आपल्याकडून आजवरचे सर्व पैसे वेळेवर आलेले आहेत. आजपर्यंत पाठवलेल्या मालाच्या बिलांची मुदत पूर्वीप्रमाणेच 60 दिवस राहील. पुढील चार आठवडे नेहमीच्या रकमेखेरीज दर शनिवारी 2 लाख रुपये आगाऊ मिळावेत, असे ठरले आहे. उद्यापासूनच्या बिलांची मुदत 45 दिवस राहील. आलेली रक्कम सर्वांत जुन्या बिलापोटी जमा केली जाईल. या व्यवस्थेचा आढावा आपण तीन महिन्यांनी एकत्र बसून घेऊ.’*

45 दिवसांचा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. महिन्याला 18 लाखांच्या मालाला 45 दिवसांची मुदत म्हणजे 27 लाखांचे येणे, 28 मध्ये बसणारे. शिवाय तुमच्या कारखान्याची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघू गटात असेल, तर 2006 च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत करारानेही देता येत नाही. आयकरातही 2024-25 या करनिर्धारण वर्षापासून अशी देणी मुदतीत न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षातच वजा मिळतो. त्यामुळे काकांच्या सीएलाही 45 दिवस पटतील. हे भेटीत सांगायला हरकत नाही, पण कपातीचे कारण म्हणून सांगू नका, कारण ते कारण नाही. एमएसएमई कायद्यात उशिराच्या देण्यावर लागणाऱ्या चक्रवाढ व्याजाचा तर उल्लेखही नको.

काकांकडून प्रतिप्रस्ताव येतील. पुढच्या तारखांचे धनादेश देऊ केले तर घ्या, पण त्याने विम्याचे संरक्षण एक रुपयानेही वाढत नाही. ‘निम्मी बिले आमच्या भावाच्या फर्मच्या नावावर काढा’ हा प्रस्ताव मात्र नम्रपणे नाकारा. विमा मर्यादा विशिष्ट कायदेशीर संस्थेच्या नावाने असते, त्या फर्मसाठी वेगळी मंजुरी घेतल्याशिवाय तो सगळा माल बिनविम्याचा जातो. रोख सवलत देऊन काही माल लगेचच्या पैशांवर घ्यायला ते तयार झाले, तर तो तिन्हींतला चांगला मार्ग आहे, आणि महिन्याला शेकडा एखादा रुपया सोडावा लागला तरी मी तो सोडेन.

मान्यता मिळाली की टॅलीत एकदम 28 टाकू नका. दर शनिवारी दोन लाख जास्तीचे जमा झाल्यावर 34, 32, 30 आणि मग 28, असे उतरवा, आणि प्रत्येक वेळी प्रतिनिधीला फोन करून सांगा.

या चार शनिवारी लेजरकडे लक्ष ठेवा. बिलाच्या रकमेऐवजी गोल आकड्यांत ‘खात्यावर’ पैसे येऊ लागले, नेहमीचा लेखापाल फोन उचलेनासा झाला, किंवा हंगाम नसताना खोक्यांची ऑर्डर अचानक वाढली, तर दुसऱ्या एखाद्या पुरवठादाराने हात आखडता घेतल्याची शक्यता धरा. तशी दोन चिन्हे एकत्र दिसली, तर 28 वर न थांबता 20 कडे जायला सुरुवात करा. त्याही वेळी भेट आधी, टॅली नंतर.